आमची वाटचाल : बेचाळीस स्लाइडपासून सहा पानांपर्यंत

२००९ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका गाळ्यात आम्ही मोटार रिवाइंडिंग सुरू केलं. पुढे पंप तपासणीची कामं मिळू लागली. आज आम्ही पाचजण आहोत आणि नदीकाठच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या पंपांची वीज-तपासणी हे आमचं मुख्य काम आहे. मशिनरी वाढली, माणसं वाढली. पण आमच्या कामात खरा बदल झाला तो भोगावतीकाठच्या एका संस्थेत, एका फसलेल्या सादरीकरणामुळे.

त्या संस्थेच्या पंपावर आम्ही तीन दिवस मोजमाप केलं होतं. पाइपवर अल्ट्रासोनिक मीटर लावून प्रवाह मोजला, तो सेकंदाला १०० लिटर भरला. एकूण हेड, म्हणजे पाइपमधलं घर्षण धरून पाणी चढवायची उंची, ५२ मीटर होतं आणि मोटार ९८ किलोवॅट ओढत होती. पाणी वर चढवायला खरी लागणारी शक्ती ५१ किलोवॅट, म्हणजे एकूण कार्यक्षमता ५२ टक्के. चांगला नवा संच हेच काम ७० किलोवॅटमध्ये करतो. हे सगळं आम्ही बेचाळीस स्लाइडमध्ये मांडलं आणि संचालक मंडळापुढे पाऊण तास बोललो.

शेवटी चेअरमन म्हणाले, "साहेब, पंप बदलायचा का न्हाई, तेवढं सांगा की."

मला वाटलं होतं की तेच तर सांगितलं. पण चहाच्या वेळी बोलताना वेगळंच कळलं. पंपाचा हेड-प्रवाहाचा आलेख डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. एका संचालकांनी त्याचा अर्थ असा घेतला होता की नवा पंपही दोन-चार वर्षांत असाच खाली येणार. आडव्या रेषेवर प्रवाह आहे असं तिथे लिहिलेलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांना ती वर्षं दिसली. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. पेपरात, बँकेत, कारखान्याच्या अहवालात माणूस जे आलेख बघतो, त्यात आडवी रेष बहुतेक वेळा काळाचीच असते. दुसऱ्या एकांना ५२ टक्के म्हणजे अर्धं पाणी पाइपलाइनमधून गळतंय असं वाटलं होतं आणि ते दुसऱ्याच दिवशी लाइन खणायला निघाले होते.

त्या रात्री आम्ही स्लाइडमधले शब्द सोपे करायला बसलो आणि तासाभरात थांबलो. 'कार्यक्षमता'ऐवजी 'ताकद' लिहून काही होत नव्हतं. मोजायचं एककच त्यांचं हवं होतं. ऊसवाल्याचा हिशेब पाण्याच्या पाळीवर चालतो. एका एकराला तीन इंच पाणी म्हणजे साधारण तीन लाख लिटर. पंप तासाला तीन लाख साठ हजार लिटर देतो, त्यातलं थोडं पाटात मुरतं. म्हणजे पंपाचा एक तास ही जवळजवळ एका एकराची एक पाळी झाली. मग वाक्य आपोआप तयार झालं : आज एका एकराच्या पाळीला ९८ युनिट जळतात, ७० मध्ये भागायला हवं.

हे वाक्य पहिल्या पानावर गेलं. त्याखाली मंडळानं कोणता निर्णय घ्यायचा, ते एका ओळीत. असं करत सहा पानं झाली, मोठ्या अक्षरात, कागदावर छापलेली. एकही आलेख ठेवला नाही. रुपयांचा रकानाही मुद्दाम कोरा सोडला. संस्थेच्या सचिवांनी स्वतःच्या बिलातला दर घालून गुणाकार करावा, कारण स्वतः काढलेल्या आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो.

सोपं करताना काय गाळायचं नाही, हे ठरवायला जास्त वेळ लागला. पहिल्या मसुद्यात मी "२८ युनिट वाचतील" असं छातीठोक लिहिलं होतं. पण जुन्या पाइपला आतून थर बसलेला असतो, त्यामुळे बाहेरून लावलेल्या मीटरच्या आकड्यात पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. तेवढा फरक धरला तर बचत २४ ते ३१ च्या दरम्यान येते. आम्ही दोन्ही आकडे लिहिले आणि निर्णय २४ धरून घ्या असं सांगितलं.

दुसरी अट नदीच्या पातळीची होती. बंधाऱ्याचे बरगे निघाले किंवा राधानगरीतून पाणी यायला उशीर झाला की पातळी उतरते, आणि पंपाला तोंडाशी पुरेसा दाब मिळत नाही. स्लाइडवर याला 'एनपीएसएच' असं नाव आणि एक सूत्र होतं. सहा पानांत हे नाव कुठेच नाही. त्याऐवजी जॅकवेलच्या, म्हणजे पंप ज्यातून पाणी ओढतो त्या विहिरीच्या, भिंतीवर तांबडी रेघ मारायची ठरली. पाणी रेघेच्या खाली गेलं, किंवा पंपात खडी फिरल्यासारखा आवाज आला, की पंप बंद करायचा. सूत्र गेलं तरी त्यातून निघणारं काम शिल्लक राहिलं. आज कुठलीही तांत्रिक स्लाइड गाळताना आम्ही हेच तपासतो.

छापण्याआधी पानं आमचा हिशेब बघणाऱ्या ताईंना दिली. "समजलं का" असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. कागद बाजूला ठेवून "तुम्ही चेअरमनना काय सांगाल" असं विचारलं. ज्या दोन ठिकाणी त्या अडखळल्या, ती वाक्यं बदलली. प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरात मूळ स्लाइडचा क्रमांकही टाकला. मधल्या एका दुरुस्तीत स्लाइडवर ९८ झालं होतं आणि पानावर ९६ च राहिलं होतं, ते त्यामुळेच सापडलं. मूळ बेचाळीस स्लाइड बँकेच्या इंजिनिअरसाठी सोबत जोडल्या.

दुसऱ्या बैठकीला मी टेबलावर त्यांच्याच पंपातून काढलेली झिजलेली वेअर रिंग ठेवली, शेजारी नवी. नवीत इम्पेलरभोवती, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाभोवती, ०.४ मिलिमीटर फट राहते, जुनीत १.६ झाली होती. फट मोजायच्या फिलर गेजची पाती हातोहात फिरली. त्या फटीतून वर चढवलेलं पाणी पंपाच्या पोटातच मागे वळतं आणि मोटार तेच पाणी पुन्हा ढकलत बसते, एवढंच मी बोललो. एक वयस्कर संचालक, सगळे त्यांना आबा म्हणतात, पातं फटीत सरकवून बघत म्हणाले, "मग रिंगच बदला की. अख्खा पंप कशाला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर एकतिसाव्या स्लाइडवर होतं, आणि सहा पानांत आम्ही ते घेतलंच नव्हतं. मी तिथेच सांगितलं : रिंग बदलून एकराला आठ-नऊ युनिट परत मिळतील. बाकीची वीज झिजलेल्या इम्पेलरमध्ये आणि अनेकदा रिवाइंड केलेल्या मोटारीत जाते, ती रिंगनं मिळणार नाही. मंडळानं आधी रिंग बदलायची ठरवली. नवा संच विकला जाण्याची आमची संधी त्या दिवशी गेली. पण पहिल्या बैठकीत न आलेला निर्णय या वेळी अर्ध्या तासात झाला, आणि तो समजून झाला.

त्यानंतर आम्ही कामाचा क्रम उलटा केला. आधी सहा पानं लिहितो, त्यात मंडळाला विचारावासा वाटेल असा प्रत्येक स्वस्त पर्याय घालतो, आणि मग त्यांना आधार म्हणून स्लाइड तयार करतो. या लेखनाचे दोन दिवस आता कोटेशनमध्ये वेगळे धरलेले असतात. शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी एकरऐवजी वितळलेल्या लोखंडाचा टन येतो, बाकी पद्धत तीच.

रिंग बदलल्यावर पुन्हा मोजलं, तेव्हा एकराला ९० युनिट आले. पुढच्या वार्षिक सभेला आम्हाला बोलावलं होतं, पण बोलायची वेळच आली नाही. चेअरमननी पहिलं पान घडी घालून खिशात आणलं होतं. ते न उघडताच त्यांनी सभासदांना सांगितलं, "एकराला अठ्ठ्याण्णव जळत हुतं, आता नव्वद जळतंय. सत्तरवर आणायचं असंल तर पंप बदलायला लागंल. पैसं किती, ते सचिव सांगतील."