लिलावात फिरताना शटर किती ठेवायचं?

"दादा, व्हिडिओ ३० वर काढू की ६० वर? आणि स्टॅबिलायझेशन, लॉग हे सगळं चालू ठेवू का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आधी शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायला सेकंदाचा कितवा भाग घ्यायचा ते, ठरवा; बाकीचं त्याच्यामागून येतं. हर्णैचा संध्याकाळचा मासळी लिलाव घ्या. ऊन असेपर्यंत फोन आपणहून शटर १/१००० च्या पुढे नेतो. प्रत्येक फ्रेम इतक्या झटकन टिपली जाते, की चालत काढलेलंही स्वच्छ दिसतं. सूर्य सुवर्णदुर्गामागे उतरला की तोच फोन १/३० वर येतो आणि तुमच्या प्रत्येक पावलाला चित्र फ्रेमच्या आतच फराटतं. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन कडा कापून फ्रेमा एकमेकींशी जुळवतं, आतला फराटा त्याला पुसता येत नाही. मग टोपलीतली सुरमई जागची हलत नाही, पण पावलागणिक क्षणभर धूसर होते. असं दिसलं की समजा, शटर मंद आहे.

दुसरी भानगड दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना कळत नाही, पण १/६० किंवा १/१२५ शटरला चित्रावर काळपट पट्टे सरकतात. १/५० किंवा १/१०० ठेवलंत तर दिव्याची चढउतार प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण मावते आणि पट्टे जातात. म्हणून लिलावात फिरताना मी १/१०० ठेवतो. उजेड १/५० च्या निम्मा मिळतो, आयएसओ दुप्पट करावा लागतो, थोडे दाणे येतात. येऊ देत, फराट्यापेक्षा दाणे परवडले. एका जागी उभं राहून बोलायचं असेल तर १/५०. शटर हाताने ठरवू देणारं कॅमेरा अ‍ॅप मात्र लागेल.

आता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेमा. २५ ठेवा, ३० असलं तरी बिघडत नाही. आयफोनमध्ये २५ दिसत नसेल तर सेटिंगमध्ये Show PAL Formats चालू करा. ६० वर १/५० मिळतच नाही, कारण एका फ्रेमच्या वाट्याला तेवढा वेळच येत नाही. लाटा निम्म्या वेगाने दाखवायच्या असतील तेवढ्यापुरतं ५० वापरा आणि २५ च्या टाइमलाइनवर टाका.

दुपारी शटर १/५० वर आणायला अनेक जण लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर घेतात. ट्रायपॉडवर छान, पण चालत काढायचं तर संध्याकाळचा फराटा भरदुपारी विकत घेतल्यासारखं आहे.

लॉग, म्हणजे नंतर रंग चढवायचे म्हणून फिकट काढलेलं चित्र, सध्या बंदच बरा. संध्याकाळी त्यात सावलीतले दाणे उठून दिसतात, आणि फोन ८ बिटचंच रेकॉर्डिंग करत असेल तर रंग ताणताना मावळतीच्या आभाळाला पायऱ्या पडतात. १० बिट असेल तर एखाद्या दुपारी माडाखालची सावली आणि चकाकती वाळू एकाच फ्रेममध्ये घ्या, एकदा साध्या प्रोफाइलवर, एकदा लॉगवर. सावलीतला चेहरा नीट दिसेल इतकं एक्सपोजर ठेवल्यावर साध्यात वाळू पांढरीफटक होते का, तेवढं बघा. होत नसेल तर लॉगची गरज नाही.