होडी, गोडी आणि मांजरीची पिल्लं

आमच्या बाजूच्या एका वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी कविता दिली होती. अष्टाक्षरी, पाच कडवी, विषय मालवणचा पावसाळी किनारा. लिहून झाली, टाइप झाली, वेळेत पोचली. मग निवड समितीकडून परत आली. तिसऱ्या कडव्यापुढे लाल शेरा होता, ‘यमक तपासावे’. कडवं असं होतं:

पावसात वाळूवर
ओढलेली माझी होडी
झावळ्यांच्या आड झाली
मांजरीची पिल्लं मोठी

शेवटची ओळ खोडून कुणीतरी पेन्सिलीने उपाय सुचवला होता: ‘दर्याचीच लागे गोडी’.

त्या पेन्सिलीचा राग अजून गेलेला नाही. अक्षरं आठ भरतात, यमक पक्कं आहे, पण ओळ यमकासाठीच जन्माला आली हे लगेच कळतं. यमक ओढूनताणून आणलंय का, हे ओळखायला मी ओळीचं साधं गद्य करते आणि कुणाला तरी ऐकवते. ‘होडीला दर्याची गोडी लागते’ हे वाक्य शेजारच्या काकींना म्हणून दाखवलं. त्यांचं उभं आयुष्य होड्यांच्या संगतीत गेलेलं. त्या म्हणाल्या, “होडयेक कसली आयली गोडी?” संपला विषय. गोडी आली ती कवितेतून नाही, यादीतून: होडी, थोडी, जोडी, खोडी, गोडी, घोडी. अशी यादी आधी करून मग अर्थ बसवायला गेलं की हेच होतं. दुसरी खूण ‘दर्याचीच’मधला ‘च’. त्याला अर्थाचं काही काम नाही, आठवं अक्षर भरायला तो उभा आहे. ‘खास’, ‘छान’, ‘गडे’ हे त्याचेच भाऊ.

आणि मुख्य म्हणजे पिल्लं गेली! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. दर्या खवळलेला असतो, त्यामुळे लहान होड्याही वर ओढून झावळ्यांनी झाकतात. तेवढ्या दोन महिन्यांत आडोशाला जन्मलेली पिल्लं आईचं दूध सोडून हुंदडायला लागतात. होडी किती दिवस पडून आहे हे त्या ओळीतून कळत होतं. गोडीतून काय कळणार?

समितीतल्या एका सरांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, डीला डी हवी. साडी चालेल, माडी चालेल.” इथे मी थक्क झाले. ‘होडी–साडी’त शेवटचं अक्षर जुळतं, पण आधीचा स्वर ‘ओ’चा ‘आ’ होतो आणि कान तिथेच अडखळतो. ‘होडी–मोठी’त दोन्ही स्वर तेच, ओ आणि ई. फरक फक्त ड आणि ठचा, आणि ट-ठ-ड-ढ तर एकाच वर्गातले. जीभ टाळूला जिथे लागते ती जागाही तीच. गझल लिहिणारे या आधीच्या स्वराला अलामत म्हणतात आणि जिवापाड जपतात. जात्यावरच्या ओव्यांत तर कित्येकदा नुसत्या स्वरावर भागतं. तरी साडी पास आणि मोठी नापास.

फोनवर पटेना, तेव्हा मी समितीच्या बैठकीत जाऊन कविता मोठ्याने वाचायचा हट्ट धरला. छापील कागदावर डोळा ‘डी’ शोधतो आणि ‘ठी’ दिसली की थांबतो. वाचताना शेवटचा ‘ई’ लांबतो आणि व्यंजनातला फरक त्यात बुजतो. म्हणून असं नुसत्या स्वरांवर जुळणारं सैल यमक कागदावर तपासू नये.

जायच्या आधी एक बदल मात्र केला, आणि तो महत्त्वाचा आहे. बाकी सगळी यमकं पक्की असताना मधेच एक सैल आलं, तर ती चूकच वाटते. पहिल्या कडव्यात ‘लाट–वाट’ होतं, ते मी ‘लाट–गाठ’ केलं. ओळही सुधारली, कारण ‘वाट’ शेकडो कवितांत पाहते, आणि जाळ्याची गाठ आमच्या अंगणात रोज सुटते. सुरुवातीलाच कानाला सवय झाली की तिसऱ्या कडव्यातली ‘मोठी’ मुद्दाम ठेवलेली वाटते. शेवटचं कडवं मात्र पक्क्या यमकावरच ठेवलं. तिथे सैल सोडलं तर कविता संपली की पान हरवलं, हे कळत नाही.

बैठकीत कुणी अडवलं नाही. फोनवरचे सर तर म्हणाले, “आता जुळतंय.” तिसऱ्या कडव्यात मी एक अक्षरही बदललं नव्हतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

एक सांगायचं राहिलं. ऱ्हस्व-दीर्घ मोडून यमक जुळवू नका. ‘नदी’ची ‘नदि’ करण्यापेक्षा सैल यमक कधीही बरं. आणि दोन्ही ओळी ‘येतो–जातो’सारख्या क्रियापदांवर संपत असतील, तर यमक ओढूनताणून आणलेलं नसतं, पण त्यात तुमचं काहीच नसतं, ते काम प्रत्यय करतो. तिथेसुद्धा एका ओळीचं क्रियापद आत ढकलून शेवटी नाम आणा. मग स्वर जुळणारा एखादा शब्द आसपासच्या वस्तूंतच सापडतो का, ते आधी बघा.