स्क्रीनवर गव्हाळ, कागदावर गुलाबी

परदेशात आल्यापासून आमच्या घरच्या फोटोंचं काम दोन देशांत चालतं. तिकडे ताई रात्री फोनवर फोटो सुधारते, इकडे मी त्यांच्या प्रिंट काढते. आईच्या एका फोटोच्या प्रिंटमध्ये चेहरा अंधारलेला आणि गाल गुलाबट-राखाडी आले. ताई म्हणाली, "अगं, माझ्याकडे तर छान दिसतोय!" तिच्याकडे खरंच छान दिसत होता.

यात दोन वेगळे दोष होते. अंधारलेपणाचं कारण स्क्रीनचा ब्राइटनेस. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, स्क्रीनला असतो. स्क्रीन भगभगीत असेल तर फोटो आहे त्याहून उजळ वाटतो आणि आपण तो पुरेसा उजळ करतच नाही. प्रिंटच्या कामासाठी मॉनिटर साधारण 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटरवर ठेवतात, कारखान्यातून तो बहुधा याच्या दुपटीहून उजळ येतो. स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं यंत्र, म्हणजे कॅलिब्रेटर, नसेल तर कोरा पांढरा कागद दिव्याच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवर पांढरं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. सुरुवातीला स्क्रीन मळकट वाटते, मग डोळे सरावतात.

गुलाबी गालांचं कारण मात्र रात्रीचा पिवळसर मोड. त्यामुळे आईचा चेहरा ताईला पिवळा दिसला, तिने निळा रंग वाढवला, आणि फाइलमध्ये तो कायमचा बसला. डोळे इथे फसतात, आकडे फसत नाहीत. एडिटिंगच्या अ‍ॅपमधलं रंग मोजणारं पिपेट सावली आणि चमक टाळून गालावर ठेवायचं. गव्हाळ-सावळ्या त्वचेत लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, आणि निळा स्पष्टपणे कमी असतो. आईच्या गालावर आकडे होते 172, 128, 124. निळा हिरव्याला जवळजवळ भिडलेला! तो 98 च्या आसपास उतरवल्यावर गाल गव्हाळ झाला.

फोन मॉनिटरसारखा पूर्ण कॅलिब्रेट करता येत नाही. ताईला एवढंच सांगितलं: Night Shift, True Tone यांसारखी स्क्रीनचे रंग आपोआप बदलणारी सेटिंग बंद ठेव, अँड्रॉइडवर भडक मोडऐवजी Natural निवड, ऑटो ब्राइटनेस बंद कर आणि फाइल sRGB या सर्वसाधारण रंगपद्धतीत पाठव.

मोठी प्रिंट काढण्याआधी मी एक छोटी काढते, लॅबला स्वयंचलित रंगसुधारणा बंद ठेवायला सांगून. नाहीतर दोष स्क्रीनचा की लॅबचा, ते कळायचंच नाही. ती प्रिंट दिवसा खिडकीशी बघायची, थेट उन्हात नाही. पिवळ्या बल्बखाली निळसर प्रिंटसुद्धा उबदार दिसते. आणि एवढं करूनही कपाळावरची चमक कागदावर थोडी मवाळच येते, कारण कागदाच्या पांढऱ्याहून उजळ काही तिथे छापताच येत नाही.