दोन ओळींचा बदल आणि दीड पानाची नोट

“सर, बदल दोन ओळींचा असतो आणि तुमची क्लोजर नोट दीड पानाची. एवढे कोण वाचणार आहे?”

हे प्रत्येक नव्या टीममध्ये कोणीतरी विचारते आणि विचारताना थोडे हसते. आजवर मी “सवय आहे” असे म्हणून वेळ मारून नेत आलो. खरे उत्तर जरा लांब आहे आणि त्यात माझी नाचक्की आहे, म्हणून ते मीटिंगमध्ये देणे जमत नाही.

मार्च 2021च्या अखेरची गोष्ट. एका बँकेच्या बचत खात्यांवर तिमाही व्याज जमा करणारा बॅच जॉब आम्ही सांभाळत होतो. हा जॉब ॲप्लिकेशन सर्व्हरवरून डेटाबेसमधल्या एका प्रोसिजरला हाक मारतो आणि ती पूर्ण होईपर्यंत गप्प बसून वाट पाहतो. त्या रात्री ती प्रोसिजर प्रथमच तासाभराहून जास्त चालली, आणि सकाळी पाहावे तर जॉब जिथल्या तिथे अडकलेला. डेटाबेसमध्ये काम केव्हाच पूर्ण होऊन व्याजही जमा झाले होते; ॲप्लिकेशनला मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले. दोन सर्व्हरांच्या मध्ये एक फायरवॉल होती आणि ज्या कनेक्शनवर 60 मिनिटे एकही पॅकेट जात नाही, त्याची नोंद ती स्वतःच्या यादीतून पुसून टाकत असे. पुसताना दोन्ही टोकांना काही कळवत नसे. प्रोसिजर चालू असताना कनेक्शनवर शांतताच असते. त्यामुळे पंचाहत्तराव्या मिनिटाला डेटाबेसने पाठवलेले “काम झाले” हे उत्तर फायरवॉलपाशी गळून पडे आणि ॲप्लिकेशन मेलेल्या कनेक्शनला कान लावून बसे. फायरवॉलची मर्यादा वाढवण्याची विनंती मी केली होती. ती मर्यादा सगळ्यांना सामाईक असल्यामुळे नेटवर्क टीमने नकार दिला, आणि त्यांचा नकार योग्य होता. म्हणून मी ॲप्लिकेशनच्या बाजूने दोन बदल केले. डेटाबेसच्या कनेक्शन यूआरएलमध्ये `tcpKeepAlive=true` घातले आणि सर्व्हरवर ही ओळ टाकली:

```
net.ipv4.tcp_keepalive_time = 1800
```

पहिल्या बदलामुळे शांत कनेक्शनवर “आहेस ना?” असे विचारणारे छोटे पॅकेट जाऊ लागते, दुसऱ्यामुळे ते अर्ध्या तासाच्या शांततेनंतर जाते. लिनक्समध्ये ही वेळ मुळात 7200 सेकंद, म्हणजे दोन तास असते, आणि तोवर फायरवॉलने नोंद पुसून एक तास उलटलेला असतो. दोन्ही बदल मिळूनच एक उपाय होतो. त्यातला एक काढला तर उरलेल्याचा काही उपयोग नाही.

हे सगळे मला तेव्हा इतके स्वच्छ कळले होते की ते लिहिण्याची गरजच वाटली नाही. मी लिहिलेली नोट इंग्रजीत होती, मराठीत ती अशी: “कीपअलाइव्ह बदलला. जॉब आता व्यवस्थित चालत आहे. तिकीट बंद करत आहे.” त्या वेळची माझी बाजूही सांगतो. वर्षअखेर होती, एसएलएचे घड्याळ चालू होते, फॉर्ममध्ये कारणाच्या जागी ड्रॉपडाउन होता आणि त्यात “कॉन्फिगरेशन बदल” हा पर्याय तयारच होता. शिवाय माझे तेव्हाचे मत असे की जाणकार माणसाला कॉन्फिगरेशन फाइल पाहून सगळे कळतेच. न कळणाऱ्यासाठी निबंध लिहूनही उपयोग नाही. मी आळशी नव्हतो, असे आजही म्हणावेसे वाटते. पण खरे सांगायचे तर ती ओळ 1800च का आणि कशासाठी, हे फाइलमध्ये कुठेही दिसत नव्हते, आणि दोन दिवस डोके आपटल्यावर मिळालेले उत्तर आता सगळ्यांना दिसत असेलच, अशी माझी समजूत झाली होती.

पुढच्या तिमाहीपासून सगळे सुरळीत चालले. मी दुसऱ्या टीममध्ये गेलो.

मे 2023 मध्ये सगळ्या सर्व्हरांची सेटिंग्ज एका साच्यात आणण्याचे काम निघाले. ते काम करणारा मुलगा नवा होता, पण काळजी घेणारा होता. साच्यात नसलेली ही ओळ त्याला दिसली, तेव्हा त्याने ती सरळ उडवली नाही. फाइलच्या तारखेवरून माझे जुने तिकीट शोधून काढले आणि माझी नोट वाचली. “जॉब व्यवस्थित चालत आहे” यावरून त्याने असा अर्थ लावला की कसली तरी तात्पुरती अडचण होती आणि ती मिटली. ओळ काढल्यावर त्याने आठवडाभर रोजचा जॉब पाहिला. रोजचा जॉब वीस मिनिटांत संपतो, त्यामुळे काहीच बिघडले नाही. यूआरएलमधला माझा बदल ॲप्लिकेशनकडे होता. तो त्याच्या कामाच्या कक्षेत येत नव्हता, म्हणून तसाच राहिला.

30 जूनच्या रात्री अकरा वाजता तिमाही जॉब सुरू झाला. बारा वाजता फायरवॉलने नोंद पुसली. सव्वाबाराच्या सुमारास डेटाबेसने व्याज जमा करून उत्तर पाठवले आणि ते वाटेतच हरवले. ॲप्लिकेशन वाट पाहत राहिले. एक वाजता, म्हणजे मूळच्या 7200 सेकंदांनंतर, त्याने पहिली चौकशी पाठवली. मग 75 सेकंदांच्या अंतराने एकूण नऊ पाठवल्या. एकीलाही उत्तर आले नाही, आणि एक वाजून अकरा मिनिटांनी ‘Connection timed out’ असे सांगून जॉब पडला. ड्यूटीवरच्या ऑपरेटरकडे लेखी सूचना होती: जॉब अयशस्वी झाल्यास पुन्हा चालवावा. एक वाजून वीस मिनिटांनी त्याने तो पुन्हा चालवला.

व्याज आधी जमा झाले आहे का, हे ती प्रोसिजर तपासत नव्हती. काम टप्प्याटप्प्याने कमिट करत ती शेवटपर्यंत गेली, आणि पहाटे अडीचच्या सुमारास प्रत्येक बचत खात्यावर तिमाहीचे व्याज दुसऱ्यांदा जमा झालेले होते. साडेतीनला तोच एरर पुन्हा आला, तेव्हा ऑपरेटरने फोन केला. मला नाही, त्या मुलाला. त्याने डेटाबेसचा लॉग उघडला. त्यात साडेबाराच्या आसपास ‘could not receive data from client’ ही ओळ होती आणि पावणेतीनच्या आसपास तीच पुन्हा. त्या दोन ओळींतच सगळा प्रकार होता, पण ऑपरेटरला तो लॉग पाहण्याचा अधिकार नव्हता. उलट्या नोंदी टाकून हिशेब जुळेपर्यंत 1 जुलैची दुपार झाली. तोवर शाखा उघडून बराच वेळ झाला होता.

कारणमीमांसेच्या मीटिंगला मलाही बोलावले. भिंतीवरच्या पडद्यावर माझी नोट उघडली होती आणि खाली माझे नाव होते. तीन वाक्ये वाचायला किती वेळ लागतो? तरी ती कोणीतरी मोठ्याने वाचली. जुने तिकीट न पाहता बदल काढलाच कसा, असे मी त्या मुलाला विचारणार होतो, माझे वाक्य अर्धे झाले असेल, तेवढ्यात तो शांतपणे म्हणाला, “मी वाचलं होतं, सर.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला भांडता आले असते.

त्यानंतरच्या माझ्या नोटा लांब झाल्या, हे खरे. पण मी काय लिहितो ते नीट पाहिलेत तर दिसेल की शोध कसा घेतला याचे पुराण त्यात नसते. त्या जुन्या तिकिटाची नोट मी नंतर स्वतःसाठी पुन्हा लिहून काढली, तिच्यात काय होते ते सांगतो. आधी लक्षण, पाहणाऱ्याला दिसते तसे: तासाभराहून लांबलेला जॉब अडकतो, पण डेटाबेसमधले काम पूर्ण झालेले असते. मग कारण: मधली फायरवॉल 60 मिनिटांच्या शांततेनंतर कनेक्शन विसरते. मग दोन्ही बदल, ते कोणत्या फायलींत आहेत आणि एक काढला तर दुसरा निरुपयोगी ठरतो हे. फायरवॉलची मर्यादा वाढवण्याचा मार्ग का सोडला हेही, नाहीतर पुढचा माणूस पहिल्याच दिवशी तीच विनंती घेऊन त्याच दारात उभा राहतो. पडताळणी कशी करायची: जॉब चालू असताना ॲप्लिकेशन सर्व्हरवर `ss -to` चालवावे; डेटाबेसच्या कनेक्शनसमोर `timer:(keepalive,...)` दिसले पाहिजे आणि उरलेली वेळ तीस मिनिटांच्या आत हवी. रोजच्या जॉबवरून निष्कर्ष काढू नये, परीक्षा तिमाहीच्या रात्रीच होते. ही ओळ केव्हा काढता येईल: मधली फायरवॉल काढली गेली किंवा जॉब कायमचा तासाच्या आत आला तर. आणि शेवटी, जे केले नाही ते: प्रोसिजर दुबार जमा रोखत नाही, म्हणून डेटाबेस तपासल्याशिवाय जॉब पुन्हा चालवू नये.

हे शेवटचे वाक्य मला लिहायला सर्वांत जड गेले. कारण प्रोसिजरमधली ती उणीव मला 2021 मध्येच दिसली होती. ती दुरुस्त करणे माझ्या तिकिटाच्या कक्षेत नव्हते, आणि नोटेत लिहिली असती तर “मग तुम्हीच करून टाका” असे उत्तर आले असते. मी गप्प राहिलो, ते वेळ नव्हता म्हणून नाही.

तरीही तुमचा प्रश्न पूर्णपणे चुकीचा आहे, असे मला म्हणता येत नाही. मी तेव्हा ही आदर्श नोट लिहिली असती तरी त्या रात्री ती उपयोगी पडली असती का? मुलाने ती वाचून ओळ काढली नसती, इतके खरे. पण समजा ती ओळ इतर कोणत्या कारणाने गेली असती, तर ऑपरेटरला नोटेतले लक्षण ओळखू आले नसते. 2021 मध्ये जॉब सकाळपर्यंत अडकून राहिला होता. 2023 मध्ये माझा अर्धा उपाय शिल्लक असल्यामुळे तो दोन तास अकरा मिनिटांनी एरर देऊन पडला. मी “अडकतो” लिहिले असते आणि त्याच्या डोळ्यांसमोर “पडला” होते. अर्धा उपाय उरला तर लक्षण कसे बदलेल हे आधीच ताडून लिहायला मी तेव्हा शिकलो नव्हतो, आणि आजही दर वेळी जमते असे नाही. शिवाय ऑपरेटर तिकिटे वाचत नाही. तो सूचनांचे पान वाचतो. ते पान मी कधी उघडूनही पाहिले नव्हते.

आणि ताजी गोष्ट अशी की गेल्या वर्षी कोणीतरी त्या प्रोसिजरमध्ये दुबार जमा रोखणारी तपासणी घातली. म्हणजे माझ्या सुधारित नोटेतले “पुन्हा चालवू नये” हे वाक्य आता चुकीचे आहे. आमच्या व्यवस्थेत बंद झालेल्या तिकिटाची नोट बदलता येत नाही, म्हणून ती नोट मी प्रतिक्रिया म्हणून खाली जोडली होती. ही दुरुस्ती तिच्याही खाली जोडली आहे. वरून वाचत येणाऱ्याला आधी माझी तीन वाक्ये लागतील, मग चुकीची ताकीद आणि तिथवर टिकला तर दुरुस्ती.