चार पत्रं, तीन चकरा आणि जालन्याचा एक दाखला

आमचं पाइप आणि पाण्याच्या टाक्यांचं दुकान आहे, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. दुकान हे पाहतात, वह्या मी पाहते. ऑगस्ट 2023 मध्ये जीएसटीची नोटीस आली ती 2018-19 सालाची. म्हणजे दुष्काळाचं ते साल. गावोगाव टँकर लागले होते आणि आमच्या दुकानातून टाक्या हातोहात जात होत्या. माल कमी पडू नये म्हणून मिळेल तिथून उचलला, आणि पाच वर्षांनी तेच अंगाशी आलं.

नोटीस ASMT-10 होती, म्हणजे रिटर्नमधल्या फरकाचा खुलासा मागणारी. आधी एक सांगते, कारण माझे त्यात नऊ दिवस गेले. ही नोटीस तेव्हा पोर्टलच्या पहिल्या पानावर दिसत नव्हती. Services, मग User Services, मग View Additional Notices/Orders असं आत गेलं की तिथे ती बसलेली असायची. आमचा ईमेल जुन्या हिशेबनिसाच्या नावावर होता, त्यामुळे मेलही त्यालाच जायचा. तुमच्या नोंदणीत कुणाचा मोबाइल आणि ईमेल आहे, ते आजच पाहून घ्या. उत्तराला साधारण तीस दिवस मिळतात, त्यातले नऊ माझे असे गेले.

नोटिशीत मुद्दा एकच होता. वर्षभराच्या थ्री-बी, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमध्ये आम्ही खरेदीवर दिलेल्या कराचं 9,86,420 रुपयांचं क्रेडिट घेतलं होतं आणि पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणाऱ्या टू-ए मध्ये दिसत होतं 7,12,180. फरक 2,74,240. खुलासा करा, नाहीतर कर, व्याज, दंड.

आमच्या सीएंकडच्या पोराने चार पानी उत्तर तयार केलं. त्यात कलमं होती, कोर्टाचे निकाल होते, आकडा मात्र एकही नव्हता. ते घेऊन मी कार्यालयात गेले. साहेबांनी दोन मिनिटं पानं चाळली आणि म्हणाले, "मॅडम, हे राहू द्या. हा दोन लाख चौऱ्याहत्तर हजारांचा फरक कशाकशाचा आहे, ते तक्त्यात दाखवा. बेरीज जुळली पाहिजे." राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता.

मग दिवाळीच्या साफसफाईसारख्या फायली खाली काढल्या. आधी टू-ए नव्याने उतरवून घेतला. टू-ए बदलत राहतो, पुरवठादाराने उशिरा रिटर्न भरलं की त्यात भर पडते. म्हणून नोटिशीतला आकडा आजही तोच आहे का, ते पाहायचं आणि उतरवल्याची तारीख कागदावर लिहायची. आमचा तोच निघाला. मग प्रत्येक बिल समोरासमोर लावलं. तीन दिवस लागले, पण फरक पाच ढिगांत नीट वाटला गेला.

पहिला ढीग 8,600 चा. ट्रकभाड्यावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे ट्रकवाल्याऐवजी, आम्हीच कर भरला होता. त्याचं क्रेडिट वेगळ्या ओळीत दाखवायचं असतं, जुन्या हिशेबनिसाने ते 'इतर सर्व'मध्ये कोंबलं. ते टू-ए मध्ये दिसणारच नाही. दुसरा 91,340 चा. बिलं 2017-18 ची, क्रेडिट घेतलं 2018 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये. ती आधीच्या वर्षाच्या टू-ए मध्ये आहेत. तिसरा 24,900 चा. मार्च 2019 ची बिलं पुरवठादाराने एप्रिलमध्ये दाखवली. या तिन्हींचे तक्ते एका दुपारी झाले. चौथा ढीग 18,000 चा, आणि तो आमचाच गाढवपणा. एकच बिल दोनदा लावलेलं. ते मी तेव्हाच DRC-03 या स्वतःहून भरण्याच्या फॉर्मने भरून टाकलं. क्रेडिट वापरलेलं होतं, म्हणून वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज लागलं, ते 16 हजारांच्या आसपास गेलं. व्याज जवळजवळ मुद्दलाएवढं! पण पुढची कारणे दाखवा नोटीस येण्याआधी भरलं की दंड लागत नाही. चूक दिसली की त्यावर खुलासा शोधत बसू नका, भरून मोकळं व्हा. भरल्याची पावती जोडली की बाकीच्या तक्त्यांवरही समोरच्याचा विश्वास बसतो, असा माझा तरी अनुभव आहे.

राहिला पाचवा ढीग. 1,31,400 रुपये, तीन बिलं, एकच पुरवठादार, जालन्याचा. नाव सांगत नाही.

त्या टाक्यांचा माल आला होता, पैसे बँकेतून गेले होते, कर बिलावर होता. सीजीएसटी 65,700 आणि एसजीएसटी 65,700. पण आमच्या टू-ए मध्ये या बिलांचा पत्ता नाही. मग ती गेली कुठे?

उत्तर सापडलं, पण त्यांच्याच दुकानात. पहिल्या चकरेला शेठ म्हणाले, "वहिनी, हे अकाउंटंटला विचारा." अकाउंटंट नवा होता. तो म्हणाला, जुना सोडून गेला. चहा पिऊन परत आले. जालन्याहून एसटीने घरी पोचेपर्यंत रात्र झाली होती.

दुसऱ्या वेळी मी हटून बसले. म्हटलं, तुमच्या त्या महिन्यांच्या जीएसटीआर-1 या विक्रीच्या रिटर्नचे तपशील उघडा, मी तुम्हाला बिल नंबर सांगते. त्याने उघडलं. तिन्ही बिलं होती, आकडे पैशासकट बरोबर, पण समोरचा जीएसटी नंबर आमचा नव्हता. आमच्या दुकानासारखंच नाव असलेलं परभणीकडचं दुसरं दुकान त्यांचं गिऱ्हाईक आहे. सॉफ्टवेअरमध्ये यादीतून नाव निवडताना त्या पोराचं बोट एक ओळ वर पडलं होतं. कर सरकारजमा झाला होता, फक्त दुसऱ्याच्या खात्यावर दिसत होता.

"मग आता दुरुस्त करून टाकतो की," शेठ म्हणाले. ते आता होत नाही. 2018-19 च्या बिलांची दुरुस्ती करायची मुदत 2019 मध्येच संपली. म्हणून दाखला लागतो. 27 डिसेंबर 2022 चं 183 नंबरचं परिपत्रक आहे. 2017-18 आणि 2018-19 या दोन वर्षांसाठी त्यात सोय आहे की, पुरवठादाराने रिटर्नमध्ये बिल दाखवलं नसेल, ग्राहकाचा नंबर न टाकता दाखवलं असेल किंवा चुकीच्या नंबरावर दाखवलं असेल, तर अधिकाऱ्याने बिल, मालाची पोच आणि पैसे दिल्याचा पुरावा पाहायचा. शिवाय कर भरल्याचा दाखला मागायचा. एका पुरवठादाराचा वर्षातला फरक 5 लाखांपर्यंत असेल तर त्याचा स्वतःचा दाखला चालतो. त्याहून जास्त असेल तर सीएचा, यूडीआयएन नंबरसह. आमचं काम शेठच्या सहीवर भागणार होतं.

पण शेठ सही करेनात. "मी लिहून दिलं की मला नोटीस येईल. कशाला विस्तव हातात धरायचा?" भीती खोटी नव्हती, आमच्याकडे तर ती येऊनच बसली होती. तरी मला संताप आला. चूक यांची, खेटे मी घालायचे! शेवटी एक दोन ओळींचं पत्र दिलं, 'सदर पार्टीस माल दिला आहे'. तेच नेऊन दिलं तर साहेबांनी परत केलं. त्यात ना बिल नंबर, ना कर भरल्याचा उल्लेख.

तोवर मुदत संपत आली होती. मी लेखी अर्ज करून पंधरा दिवस वाढवून घेतले. अर्जात नुसतं 'वेळ द्यावा' लिहिलं नाही. चार ढिगांचे तक्ते जोडले आणि फक्त पाचव्यासाठी वेळ मागितला.

तिसऱ्या चकरेला मजकूर मीच टाइप करून नेला. त्यांचा जीएसटी नंबर, आमचा नंबर, तीन बिलांचे नंबर, तारखा, करपात्र रक्कम, दोन्ही कर, कोणत्या महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये कोणत्या चुकीच्या नंबरावर दाखवलं, आणि त्या महिन्याच्या थ्री-बी मध्ये हा कर भरला आहे हे वाक्य. सोबत एक जुना कागद होता, तो मला बिलाला टाचलेला सापडला होता. त्या टाक्यांचं ई-वे बिल. ते गोदामातल्या माणसाने काढलेलं, आणि त्यावर आमचाच जीएसटी नंबर! गाडी कुठे उतरली तेही त्यात होतं.

ते शेठसमोर ठेवलं. म्हटलं, "शेठ, तुमचा कर भरून झालाय, या सहीने तुमच्या खिशातून एक रुपया जात नाही. तुमच्याच कागदावर आमचा नंबर आहे. सही नाही केली तर मी हे ई-वे बिल जोडते आणि तुम्ही दाखला नाकारला असं लिहून देते. मग साहेब तुम्हालाच विचारतील." बराच वेळ पंखा बघत बसले. मग शिक्का मागवला.

आता तक्त्यांविषयी, जे मी आधी सांगायला हवं होतं. वर एकच पान ठेवलं. नोटिशीतला फरक, खाली पाच ओळी, प्रत्येक ओळीसमोर परिशिष्टाचा नंबर, बेरीज 2,74,240. प्रत्येक परिशिष्टात पुरवठादाराचा नंबर, बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, दोन कर वेगवेगळे, क्रेडिट कोणत्या महिन्यात घेतलं आणि टू-ए मध्ये कुठे दिसतं. बिलांवर पेनाने तोच अनुक्रम टाकला. मी आधी सगळे कर एकाच रकान्यात ठेवले होते. नोटिशीत ते वेगळे असतात, त्यामुळे पुन्हा बसावं लागलं. भाड्याच्या ढिगाला रिव्हर्स चार्ज रोखीने भरल्याचा थ्री-बी जोडला, पाचव्याला दाखला, ई-वे बिल आणि बँकेचा उतारा. सगळं ASMT-11 मधून पोर्टलवर चढवलं. स्कॅन केलेली फाईल मोठी झाली तर पोर्टल घेत नाही, म्हणून परिशिष्टागणिक वेगळी पीडीएफ केली. पोचपावती लगेच उतरवून ठेवली.

दोन महिन्यांनी ASMT-12 आला, खुलासा मान्य. तोही त्याच कोपऱ्यात येऊन पडला होता. मला ईमेल बदलल्याचं फळ मिळालं, त्याच दिवशी कळलं. हे म्हणाले, "झालं ना एकदाचं?" झालं, पण जालन्याच्या तीन चकरांचं भाडं मी वहीत वेगळं लिहून ठेवलंय.

परभणीकडच्या त्या दुकानदाराने आमचं क्रेडिट वापरलं की नाही, ते मला माहीत नाही. त्याच्या अधिकाऱ्याला आमच्या साहेबांनी कळवायचं असतं, असं परिपत्रकात लिहिलंय. पण त्याचा निकाल लागेपर्यंत आमचं क्रेडिट अडवून ठेवायचं नाही, हेही त्यातच आहे. त्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारून प्रत जोडली होती.