कारळे म्हणजे कलौंजी नव्हे

भोपाळच्या भावजयीला आईची भरली वांगी हवी होती, म्हणून आज दुपारी ती हिंदीत लिहून काढली. कारळ्याशीच अडले. तिने फोनवर पटकन विचारलं, "दीदी, कलौंजी ना?" नाही गं! दोन्ही काळे, पण कलौंजी तिखटसर कडवट. अर्धी वाटी कारळ्यांच्या जागी तेवढी कलौंजी कुटून घातली, तर सगळं सारण कडू होईल. शेवटी 'रामतिल' लिहिलं, आणि पुढे ओळख: तिळापेक्षा बारीक, लांबट, काळे चकचकीत. मिळाले नाहीत तर भाजलेले तीळ घे, कलौंजी मात्र नको.

मग क्रियापदं. खोबरं भाजायचं, कांदा परतायचा. हिंदीत दोन्हीला 'भूनना'. तेवढंच लिहिलं असतं तर तिने खोबरंही तेलात टाकलं असतं. म्हणून एकीकडे 'बिना तेल के सूखा भूनें', दुसरीकडे 'तेल में चलाते हुए भूनें'.

सर्वात जास्त वेळ 'वाफ आणा'ने घेतला. 'भाप में पकाएँ' वाचून ती वांगी इडलीसारखी चाळणीत ठेवेल. सरळ कृतीच लिहिली: कढ़ाई ढकें, ढक्कन पर पानी रखें, धीमी आँच पर पकाएँ। देठाजवळ सुरी सहज गेली की झालं.

आता तिच्या फोनची वाट बघतेय.