मामांच्या टॅक्सीत एक रात्र

रात्रीची मुंबई बघायची तर टॅक्सीच्या पुढच्या सीटवरून बघ, असं मामा किती वर्षं म्हणत होते. आईचे हे चुलतभाऊ जुन्नरकडचे. काळी-पिवळी चालवतात आणि नेहमी रात्रपाळीच घेतात. दिवसाचा जोडीदार आठच्या सुमाराला शिवडीत गाडी त्यांच्या हवाली करतो. परवा नाशिकहून मुद्दाम गेलो आणि रात्रभर त्यांच्या शेजारी बसलो. प्रत्येक भाड्याला ते आधी विचारायचे, "भाचा आहे सोबत, चालेल ना?" कुणीच नाही म्हटलं नाही.

मामांचा एक पेनड्राइव्ह आहे. त्यात गाणी आहेतच, पण ती कधी आणि कशी लावायची याचा त्यांनी फार बारकाईने विचार केलाय. डिकीत सीएनजीची टाकी असल्यामुळे मोठ्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर जातात. त्या बांधता बांधताच मामा माणूस बघून घेतात. पहिला सिग्नल येईपर्यंत काही लावत नाहीत. फोनवर बोलणं चालू असेल तर संपेपर्यंत थांबतात. मागचे स्पीकर कायम बंद, फक्त पुढचे चालू आणि तेही हळू. "गाणं मी माझ्यासाठी लावलंय असंच त्यांना वाटलं पाहिजे. त्यांच्यासाठी लावलंय हे कळलं की माणूस संकोचतो," मामा म्हणाले. मागच्या माणसाने काच खाली केली की ते आवाज आणखी कमी करतात. तरीही तो बाहेरच बघत राहिला, तर बंदच.

मरीन ड्राइव्हला चार मुलं चढली, वरळीला जायचं होतं. तिघं सीए झाले होते, चौथ्याचा एक ग्रुप राहिला होता. नाचायची गाणी लावा म्हणून तिघांचा गलका. मामांनी एक लांबलचक कव्वाली लावली. पेडर रोड संपेपर्यंत तिघं टाळ्या देत होते आणि हाजी अलीच्या वळणावर खिडकीपाशी गप्प बसलेल्या चौथ्याचे हातही हलायला लागले. मामांचं म्हणणं असं, की कव्वालीत काही न बोलता सामील होता येतं. नाचाच्या गाण्यात तो मुलगा एकटा पडला असता.

बारा वाजून गेल्यावर परळला टाटा हॉस्पिटलसमोर एक बंगाली जोडपं भेटलं. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी, डोक्याला रुमाल बांधलेला. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून पहाटेची गाडी पकडायची होती. गृहस्थाने भाडं दोनदा विचारलं. रात्री बारा ते पाच मीटरच्या सव्वापट होतं, हे मामांनी समजावून सांगितलं आणि रिपोर्टांची जाडजूड पिशवी टपावर न टाकता माझ्या मांडीवर ठेवली. हिंदमाता गेलं, दादर टीटी गेलं, मामांनी काहीच लावलं नाही. किंग्ज सर्कलपाशी 'रुणुझुणु रुणुझुणु रे भ्रमरा' सुरू झालं.

मला नवल वाटलं. यांना ज्ञानेश्वरांच्या ओळी कशा कळणार? नंतर मामांनी कारण सांगितलं. आपल्या भाषेतलं दुःखाचं गाणं अशा वेळी टोचतं, कारण शब्द नेमके आपल्यालाच लागू होतात. आनंदाचं लावलं तर चेष्टा केल्यासारखं होतं. शब्द न कळणारं गाणं मात्र नुसता आवाज होऊन सोबत करतं. टाटाच्या भाड्यांना म्हणून ते मराठी लावतात आणि मराठी माणूस बसला तर कानडी भजन. फसतंही कधीकधी. एका म्हाताऱ्या बाईंनी हात जोडून बंद करायला सांगितलं होतं. त्यानंतर हॉस्पिटलच्या भाड्याला मामा पहिली ओळ झाली की आरशात बघतातच.

सायनजवळ मागून तो गृहस्थ हळूच म्हणाला, "लताजी?" मामांनी मान हलवली. बाईंनी मुलीला काहीतरी सांगितलं आणि मग नवरा-बायको बोलायला लागले. बंगाली मला येत नाही, पण लताबाईंची बंगाली गाणी आठवत होते हे उघड होतं, कारण बाईंनी एक चाल गुणगुणूनही दाखवली. मुलीने तिला दुरुस्त केलं. टर्मिनसवर उतरताना गृहस्थाने गाण्याचं नाव विचारलं. मामांनी ते माझ्याकडून एका चिठ्ठीवर देवनागरीत लिहून घेतलं.

चारच्या सुमाराला वरळी कोळीवाड्यातून तीन मावश्या ससून डॉकला निघाल्या. मामांनी पेनड्राइव्हला हातच लावला नाही. माशांच्या भावावरून तिघींचं असं काही चाललं होतं की मध्ये गाणं घालणं म्हणजे अडथळाच झाला असता. एकीने स्वतःहून फर्माईश केली, "काय रं, आज रेडिओ बिघडला का?" मामांनी विठ्ठलाचं भजन लावलं. दुसऱ्या कडव्याला भावाची चर्चा परत सुरू झाली. मामांनी आवाज कमी केला आणि पापलेट आज कितीला जाईल, असं त्यांनाच विचारलं.